माशांचा जलोदर

कांचेच्या टाकींत पाळलेला सोनेरी मासा, ज्याला सर्वत्र गोल्डफिश म्हणतात, एरवीं दिवसभर डौलानें फिरत असतो. तोच एके दिवशीं कोपऱ्यांत स्थिर राहूं लागतो. त्याचें पोट दोन्ही बाजूंनीं फुगतें, डोळे किंचित् पुढें येतात, आणि अंगाला चिकटून असणारे खवले टोंकाकडून उचलले जातात. वरून पाहिलें असतां त्याच्या शरीराची कड गुळगुळीत न दिसतां सीताफळाच्या सालीसारखी उंचसखल दिसते. मासे पाळणारे लोक या अवस्थेला जलोदर म्हणतात. घरांतील मंडळी दुकानांत जाऊन जलोदरावरचें औषध मागतात. दुकानदार एक रंगीत बाटली देतो. तें औषध मोठ्या टाकींत पडतें, आणि पुष्कळदां मासा आठवड्याच्या आंत मरतो. औषध वाईट होतें असें नेहमींच नसतें. चूक प्रश्नांतच असते. जलोदर हें रोगाचें नांव नसून लक्षणाचें नांव आहे, आणि लक्षणावर औषध मागितलें म्हणजे कारण तसेंच राहून जातें.

माणसाचें पोट पाण्यानें फुगलें तर वैद्य ‘जलोदर’ एवढें म्हणून थांबत नाहीं. दोष यकृतांत आहे, हृदयांत आहे कीं मूत्रपिंडांत आहे, हें तो शोधूं लागतो. माशालाही हाच न्याय लागू पडतो. मात्र त्याची अडचण माणसाहून बिकट आहे, कारण तो पाण्यांतच राहतो. गोड्या पाण्यांतील माशाच्या रक्तांत क्षारांचें प्रमाण भोंवतालच्या पाण्यापेक्षां पुष्कळ अधिक असतें. स्थूलमानानें सांगावयाचें तर एक लिटर पाण्यांत ८-९ ग्रॅम मीठ विरघळवावें, तितकें तें रक्त तीव्र असतें. कोरडा मनुका पाण्यांत भिजत घातला कीं फुगतो, कारण पातळ सालींतून पाणी आंतल्या गोडव्याकडे ओढलें जातें. माशाच्या कल्ल्यांचें आवरण मनुक्याच्या सालीहून फारच नाजूक असतें, आणि त्यांतून अहोरात्र पाणी आंत शिरत असतें. म्हणून गोड्या पाण्यांतला मासा पाणी असें जवळजवळ पीत नाहीं. त्याचें काम उलट, शिरलेलें पाणी बाहेर टाकण्याचें असतें. तें त्याचीं मूत्रपिंडें करतात. तीं अतिशय पातळ मूत्र मोठ्या प्रमाणांत सतत बाहेर टाकतात, आणि त्याबरोबर गेलेले क्षार कल्ले पाण्यांतून पुन्हा गोळा करतात. या दोन अवयवांचें काम चालू आहे तोंवर मासा मनुक्यासारखा फुगत नाहीं.

तें काम थांबलें, कीं पाणी सांचूं लागतें. मूत्रपिंडें जंतूंनीं पोखरलीं जावोत, कल्ले दूषित पाण्यानें भाजले जावोत, किंवा यकृत अथवा हृदय निकामी होवो, शेवट एकच दिसतो. प्रथम पोटाच्या पोकळींत द्रव सांचतो, मग डोळ्यांच्या मागें, आणि शेवटीं खवल्यांच्या खालीं. माशाचा प्रत्येक खवला कातडीच्या एका लहानशा खिशांत बसविलेला असतो. त्या खिशांत द्रव भरला म्हणजे खवला आपल्या टोंकाकडून उचलला जातो. यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. खवले उभे राहणें ही आजाराची सुरुवात नव्हे. तें चिन्ह दिसतें तेव्हां शरीरांतील पाणी बाहेर टाकण्याची व्यवस्था कित्येक दिवस आधींपासून ढांसळत आलेली असते.

एका लक्षणाला एक रोग मानल्यानें शास्त्रज्ञांचीही दिशाभूल झालेली आहे. मध्य युरोपांतील तळ्यांत कार्प जातीचे मासे मोठ्या प्रमाणावर वाढवितात. गोल्डफिश हा त्या कार्पचाच नातलग. तेथें ‘सांसर्गिक जलोदर’ या नांवाची एक सांथ फार दिवस प्रसिद्ध होती. १९३० च्या सुमारास शेपरक्लाउस या जर्मन तज्ज्ञानें तिचें खापर एका जंतूवर फोडलें, आणि तें मत बराच काळ मान्य राहिलें. पुढें १९७१ मध्यें त्या वेळच्या युगोस्लाव्हियांत फियान व त्याचे सहकारी यांनीं या सांथीच्या तीव्र प्रकारांतून एक विषाणु वेगळा काढून दाखविला. त्यानंतर कातडीवर व्रण पाडणारा जुनाट प्रकार हा निराळाच जंतुजन्य रोग ठरला. म्हणजे ज्याला सगळे एक रोग समजत होते, ते निदान दोन निघाले, आणि त्यांतील विषाणूच्या प्रकारावर जंतुनाशक औषधाचा कांहींच उपयोग नव्हता.

घरच्या टाकींत बहुधा आढळणारें कारण याहून साधें असतें. एरोमोनस नांवाच्या कुळांतील जंतु जवळजवळ प्रत्येक टाकीच्या पाण्यांत असतातच. धडधाकट माशाला ते कांहीं करीत नाहींत. परंतु घाणेरडें पाणी, दाटी, अतिभोजन, प्रवासाचा त्रास किंवा थंडीचा एकाएकीं कडाका यांनीं मासा हीनबल झाला, म्हणजे तेच जंतु रक्तांत व मूत्रपिंडांत शिरतात. याखेरीज गोल्डफिशच्या मूत्रपिंडांत वाढणारा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. त्यानें येणारी सूज पुष्कळदां एकाच बाजूला अधिक दिसते. गांठी, म्हातारपण आणि क्षयाच्या जातीचे जंतु हींही कारणें असूं शकतात. क्षयाच्या जातीचे हे जंतु माणसाच्या हातावरील जखमेंतून शिरून कातडीवर गांठी आणतात. म्हणून हाताला चीर असतांना आजारी माशाच्या पाण्यांत हात घालूं नये, किंवा घालणें भागच असेल तर रबरी हातमोजे वापरावेत.

उपचाराला लागण्यापूर्वीं हा खरोखरच जलोदर आहे काय, हें पाहणें अवश्य आहे. अंडीं भरलेली मादीही पोटानें मोठी दिसते; अधिक खाल्लेला किंवा मलावरोध झालेला मासाही फुगतो. परंतु या दोन्ही वेळीं खवले सपाट राहतात आणि मासा बहुधा खाण्यासाठीं धांवतो. पर्लस्केल नांवाच्या गोल्डफिशच्या जातींत तर प्रत्येक खवल्यावर जन्मतःच मोत्यासारखा उंचवटा असतो. त्याला आजारी समजूं नये. खरी पारख वरून पाहून करावी. शरीराची कड सर्व बाजूंनीं करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल, मासा सुस्त असेल व अन्न टाळीत असेल, तर तो जलोदर समजावा.

आतां उदाहरणादाखल पुण्यांतील एक घर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. दिवाणखान्यांत ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी आहे. वाळू व वरची रिकामी जागा सोडली तर तींत सुमारें ४५ लिटर पाणी राहतें. त्यांत बोटभर लांबीचे चार गोल्डफिश आहेत. एका रविवारीं घराची साफसफाई निघते, आणि कोणीतरी गाळणींतील काळपट स्पंज नळाखालीं धरून तो पांढरा होईपर्यंत चोळून धुतो. सर्वांना वाटतें, टाकी स्वच्छ झाली. वास्तविक त्या काळपट थरांतच टाकीचें आरोग्य सांठविलेलें होतें. माशांच्या कल्ल्यांतून व मलांतून अमोनिया हें विष सतत पाण्यांत उतरत असतें. स्पंजावरचे उपकारक जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें आणि चोळण्यानें ते जंतु नाहींसे झाले. पाणी पूर्वींपेक्षां अधिक नितळ दिसूं लागलें, पण त्यांत अमोनिया चढत गेला. बारा दिवसांनीं चारांपैकीं एका माशाचे खवले उभे राहिले. दुकानांत मिळणाऱ्या परीक्षेच्या संचानें पाणी तपासलें, तेव्हां लिटरमागें १ मिलिग्रॅम अमोनिया निघाला. चांगल्या टाकींत हा आंकडा शून्य असावयास हवा.

अशा वेळीं आजारी माशाला वेगळ्या टाकींत हलवावें. इतरांना संसर्ग होऊं नये, एवढाच त्याचा हेतु नाहीं. वर सांगितलेले जंतु मोठ्या टाकींत आधींच आहेत. त्याला स्वच्छ पाणी मिळावें, त्याच्या मूत्रपिंडांवरचा भार हलका करतां यावा, आणि तो काय खातो व काय टाकतो हें नीट पाहतां यावें, हा मुख्य हेतु आहे. यासाठीं महागडें सामान लागत नाहीं. साबण कधींही न लागलेला प्लॅस्टिकचा नवा टब पुरतो. त्यांत क्लोरीन काढलेलें २० लिटर ताजें पाणी घ्यावें. पाण्याची खोली फार नसावी. साधारण वीतभर असली म्हणजे अशक्त माशाला वर येण्याचे श्रम पडत नाहींत. तळाशीं वाळू घालूं नये, म्हणजे मल दिसतो व काढतां येतो. हवेच्या पंपाचा एक दगड मंद बुडबुडे सोडीत ठेवावा. आडोशाला मडक्याचा एक गुळगुळीत तुकडा ठेवावा आणि टबावर जाळी व अर्धें कापड टाकावें.

माशाला हलवितांना जाळें वापरूं नये. उचललेले खवले जाळ्यांत अडकून तुटतात. एक रुंद वाडगें पाण्याखालीं नेऊन मासा त्यांत अलगद घ्यावा, आणि त्यांत टबांतील पाणी थोडें थोडें मिसळीत अर्ध्या तासानें त्याला सोडावें. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा आहे. २० ते २४ अंश सेंटिग्रेड उष्णता त्याला मानवते. आजारी आहे म्हणून त्याचें पाणी तापवूं नये, कारण गरम पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो आणि जंतूंची वाढ मात्र भराभर होते.

यानंतर मिठाचा प्रश्न येतो, आणि येथें अंदाजपंचें चालत नाहीं. माशाच्या रक्ताची तीव्रता ८-९ ग्रॅमांची आणि टबांतील पाण्याची जवळजवळ शून्य, या अंतरामुळें पाणी आंत शिरतें. टबांत लिटरमागें २ ग्रॅम मीठ घातलें, तर हें अंतर सुमारें एक-चतुर्थांशानें कमी होतें. तेवढ्या प्रमाणांत पाण्याचा रेटा उतरतो आणि थकलेल्या मूत्रपिंडांना उसंत मिळते. मीठ जलोदर बरा करीत नाहीं; तें फक्त ओझें उतरवितें. २० लिटरांस ४० ग्रॅम साधें स्वच्छ मीठ वजन करून घ्यावें. चमच्यानें मोजूं नये, कारण जाडें व बारीक मीठ एका चमच्यांत सारखें मावत नाहीं. त्याचे तीन भाग करावेत, आणि आठ-आठ तासांच्या अंतरानें एकेक भाग तांब्याभर पाण्यांत पुरता विरघळवून टबांत हळूहळू सोडावा. लिटरमागें ३ ग्रॅमांच्या वर जाऊं नये.

पुढें पुष्कळांची फसगत होते ती पाणी बदलतांना. टबाला कामांत मुरलेली गाळणी नसल्यानें रोज निम्में, म्हणजे १० लिटर पाणी बदलावें लागतें. बदललेल्या १० लिटरांबरोबर २० ग्रॅम मीठ बाहेर जातें, म्हणून नव्या पाण्यांत तेवढेंच २० ग्रॅम घालावयाचें. परंतु वाफ होऊन पाणी कमी झालें असेल, तर तेथें साधेंच पाणी घालावें. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाहीं. हा भेद न पाळल्यास आठवड्याभरांत टबांतील खारेपणा नकळत वाढत जातो. हेंच मीठ मोठ्या टाकींत ओतूं नये; तेथील वनस्पतींना तें सोसत नाहीं, आणि एकदां घातलेलें मीठ पाणी बदलल्यावांचून निघत नाहीं.

पहिले एक-दोन दिवस माशाला अन्न देऊं नये. नंतर उकडून साल काढलेल्या वाटाण्याचा कण किंवा नेहमींच्या खाद्याचे दोन-तीन दाणे द्यावेत, आणि न खाल्लेलें लगेच काढून घ्यावें. मासा खातो कीं नाहीं, यावर पुढील उपचार पुष्कळसा अवलंबून असतो. जंतुनाशक औषध पाण्यांत घातल्यास त्याचा थोडाच अंश माशाच्या शरीरांत पोहोंचतो. टेट्रासायक्लिन वर्गाचीं औषधें तर जड पाण्यांतील चुन्याशीं बांधलीं जाऊन आणखीच निकामी होतात. तेंच औषध अन्नांतून पोटांत गेलें तर गुण येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वजनाप्रमाणें ठरवून आणि मासा अजून खात असतांनाच सुरू झालें पाहिजे. उरल्यासुरल्या गोळ्या कुटून टाकींत टाकणें निरर्थक आहे. पोटांतील पाणी काढण्यासाठीं घरीं सुई टोंचण्याचा प्रयत्न तर कोणींच करूं नये. सुई कोणत्या अवयवांत शिरेल हें बाहेरून दिसत नाहीं, आणि काढलेलें पाणी कारण कायम असेपर्यंत पुन्हा भरतें.

आजारी मासा हलविला म्हणजे काम संपलें, असा समज बहुतेक घरांत होतो. आणि ज्या टाकीनें त्याला आजारी केलें तींत उरलेले तीन मासे तसेच राहतात. पुण्याच्या त्या घरांत त्याच दिवशीं मोठ्या टाकींतील निम्में पाणी बदलावयास हवें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा निम्में. हिशेबानें १ मिलिग्रॅमचा अमोनिया प्रथम अर्धा व मग पाव होईल. पण मासे तो नित्य निर्माण करीत असल्यानें प्रत्यक्षांत तितका उतरत नाहीं. म्हणून आंकडा शून्य येईपर्यंत रोज पाणी तपासावें व गरजेप्रमाणें बदलावें. स्पंजावर नवे जंतु पुरते वसण्यास महिना-दीड महिना लागतो, हें ध्यानांत ठेवून तोंवर माशांना दिवसांतून एकदांच, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य द्यावें. पुढें स्पंज धुवावयाचा तो टाकींतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलींत, आणि तोही नुसता दोन-तीनदां पिळून. टब व टाकी यांचीं जाळीं, वाडगीं व नळ्या निरनिराळ्या ठेवाव्यात. टाकींत कोणताही मासा मेला तर तो ताबडतोब काढावा, कारण इतर मासे त्याचें अंग कुरतडतात आणि अशानेंच संसर्ग खरोखर पसरतो.

दुसऱ्या माशाचें पोट थोड्याच दिवसांत फुगलें, तर कारण सर्वांना सामाईक आहे, म्हणजे पाणी किंवा सांथ, असें समजावें. महिनेमहिने एकच म्हातारा मासा हळूहळू सुजत गेला आणि बाकीचे ठणठणीत राहिले, तर दोष बहुधा त्याच्याच एखाद्या अवयवांत असतो; तेथें टाकींत औषधें ओतून निरोगी माशांना त्रास देण्यांत अर्थ नाहीं.

आजारी मासा सुधारत असेल तर आठ-दहा दिवसांत तो प्रथम अन्नाकडे वळतो, मग सरळ पोहूं लागतो, आणि खवले सर्वांत शेवटीं बसतात. खवले बसल्यावर मीठ एकदम काढूं नये. रोज बदलावयाच्या पाण्यांत मीठ न घालतां गेलें, म्हणजे तें आपोआप निम्म्या-निम्म्यानें उतरतें. त्यानंतर साध्या पाण्यांत आणखी दोन आठवडे सूज परत येत नाहीं हें पाहून, आणि मोठ्या टाकींतील अमोनिया शून्य आहे याची खात्री करून, मगच त्याला परत सोडावा.

परंतु ज्याचे खवले चोहोंकडून उभे आहेत, जो आठवडाभर कांहीं खात नाहीं आणि तळाशीं कुशीवर पडून राहतो, तो बहुधा वांचत नाहीं. अशा वेळीं त्याला रोज नवें औषध देऊन त्याचे हाल लांबवूं नयेत. त्याला बर्फांत टाकणें किंवा शौचकूपांत सोडणें हें तर क्रौर्यच आहे. पशुवैद्याची मदत मिळत नसेल तेथें लवंगेचें तेल हा वेदनारहित उपाय आहे. लिटरभर पाण्यांमागें अर्धा मिलिलिटर तेल बाटलींत थोड्या कोमट पाण्याबरोबर दुधासारखें होईपर्यंत हलवून घ्यावें, माशाच्या वाडग्यांत हळूहळू मिसळावें, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही त्याला निदान अर्धा तास तसाच राहूं द्यावा. नंतर टब, वाडगें व हवेचा दगड खारट गरम पाण्यानें धुऊन कडक उन्हांत पुरते वाळवावेत. त्या घरांतील उरलेले तीन मासे मात्र अजून वांचवितां येण्यासारखे आहेत, आणि त्यांचें भवितव्य पाण्याच्या त्या रोजच्या तपासणीवर अवलंबून आहे.